शटल रनच्या कार्डावर ५.४ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

शाळेतनं फिटनेस कार्ड घरी आलं की त्यात उंची, वजन, बीएमआय हे सगळ्यांना कळतं, आणि मग एका ओळीत नुसतं लिहिलेलं असतं, शटल रन ५.४. इथे सगळे अडकतात. मी नाशिकमध्ये एका शाळेत पीटी शिकवतो, आणि पालक सभेला मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे. परवा एका ताईंनी विचारलं, "सर, ५.४ म्हणजे दहापैकी ५.४ का? मग अर्धेच मार्क मिळाले की हो." मी म्हटलं, ताई, हे मार्क नाहीतच, आणि दहापैकी तर अजिबात नाही. पण पुढचं सगळं सभेच्या गडबडीत सांगता येत नाही, म्हणून इथे निवांत लिहितोय.

आधी एक घोळ मिटवू. शटल रन या नावाने दोन वेगवेगळ्या टेस्ट चालतात. एक असते चार गुणिले दहा मीटर, दहा मीटरवरच्या दोन रेषांमध्ये चार वेळा जीव तोडून पळायचं, दहा-बारा सेकंदात खेळ खलास. ती चपळाईची टेस्ट आहे, तिचा स्कोअर सेकंदात येतो आणि जितका कमी तितका चांगला. सीबीएसईच्या फिजिकल एज्युकेशनमध्ये पूर्वी जी होती ती ही. दुसरी म्हणजे २० मीटरची बीप टेस्ट, ज्यात स्पीकरवर बीप वाजतो आणि मुलं इकडून तिकडे पळत राहतात, बीप हळूहळू जवळ जवळ येत जातात आणि एकेक जण बाहेर पडतो. ही दमसासाची टेस्ट आहे आणि हिच्यात आकडा जितका मोठा तितका चांगला. कार्डावर ११.२ लिहिलं असेल आणि पुढे सेकंद असं असेल तर ती पहिली, आणि ५.४ सारखं काही असेल तर बहुतेक ही दुसरी. मी या दुसरीबद्दलच बोलणारे. खेलो इंडियाच्या शाळेतल्या टेस्टमध्ये मोठ्या मुलांना दमसासासाठी ६०० मीटर रन-वॉक असतो, बीप टेस्ट नसते, त्यामुळे तुमच्या शाळेत बीप टेस्ट होत असेल तर ती शाळेने स्वतःहून घेतलेली असते आणि तिचा अर्थ सांगणारी चिठ्ठी बरेचदा सोबत येत नाही.

टेस्ट कशी होते ते एकदा डोळ्यासमोर आणा. ग्राउंडवर फक्की मारून दोन रेषा आखतात, मध्ये बरोबर २० मीटर. मुलं एका रेषेवर उभी. बीप वाजला की निघायचं आणि पुढचा बीप वाजायच्या आत समोरच्या रेषेला पाय लावायचा. पाय लावला की लगेच पळत सुटायचं नाही, बीप होईपर्यंत थांबायचं. एकदा इकडून तिकडे गेलं की एक लॅप. शाळांमध्ये जो ट्रॅक जास्त वापरला जातो त्यात पहिल्या लेव्हलला एका लॅपसाठी ९ सेकंद मिळतात, म्हणजे ताशी ८ किलोमीटरचा वेग, अगदी आरामात रमतगमत पळणं. दुसऱ्या लेव्हलला वेग ९ होतो, लॅपला ८ सेकंद, आणि तिथून पुढे साधारण दर मिनिटाला लेव्हल बदलते आणि वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. चौथ्या लेव्हलला ताशी १०, लॅपला ७.२ सेकंद. पाचव्या लेव्हलला साडेदहा, लॅपला ६.८६ सेकंद. कागदावर हा फरक काहीच वाटत नाही, पण पळणाऱ्याला तो पायात आणि छातीत कळतो, कारण दर वेळी रेषेवर थांबून, वळून परत वेग पकडायचा असतो.

आता ५.४ वाचू. बिंदूच्या आधीचा आकडा म्हणजे कुठली लेव्हल चालू होती आणि नंतरचा म्हणजे त्या लेव्हलचे किती लॅप पूर्ण झाले. पहिल्या लेव्हलमध्ये ७ लॅप, दुसरीत ८, तिसरीत ८, चौथीत ९, पाचवीत ९. म्हणजे ५.४ काढणाऱ्या मुलाने चार लेव्हल पुऱ्या केल्या, त्याचे ३२ लॅप, अधिक पाचवीतले ४, एकूण ३६ लॅप. २० मीटरने गुणलं की ७२० मीटर, आणि वेळ साधारण पावणेपाच मिनिटं. इथे बिंदू दशांशाचा नाहीये हे लक्षात ठेवा, ५.९ च्या पुढे सहावी लेव्हल सुरू होते आणि सहाव्या लेव्हलमध्ये १० लॅप असतात म्हणून तिथे ६.१० असाही स्कोअर येतो, जो ६.९ पेक्षा एका लॅपने जास्त आहे. गणितात हुशार असलेली मुलं इथे नेमकी गोंधळतात आणि माझ्याशी वाद घालतात.

आता हे लॅप आले, पण त्यातून काय कळतं? कॅनडातल्या माँट्रियल युनिव्हर्सिटीतल्या लुक लेजे यांनी ही टेस्ट १९८२ मध्ये मांडली, तेव्हा लेव्हल दोन-दोन मिनिटांच्या होत्या, आणि १९८८ मध्ये एक मिनिटाच्या लेव्हलची पद्धत आणि मुलांसाठीचा फॉर्म्युला आला. त्यामागचा विचार असा की पळताना दर वेगाला शरीराला ठरावीक ऑक्सिजन लागतो, वेग वाढला की ऑक्सिजनची गरज वाढते, आणि एक वेळ अशी येते की फुप्फुसं, हृदय, रक्त आणि स्नायू मिळून याहून जास्त ऑक्सिजन वापरूच शकत नाहीत. त्या छताला व्हीओटू मॅक्स म्हणतात, आणि ते मोजतात शरीराच्या दर किलो वजनामागे दर मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन, असं. लॅबमध्ये तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर हे थेट मोजता येतं, पण शाळेत कुठून आणणार, म्हणून कुठल्या वेगापर्यंत मूल टिकलं त्यावरून अंदाज काढायचा. ५.४ हा त्या अंदाजाचा कच्चा माल आहे.

फॉर्म्युला देऊनच टाकतो, बघायला किचकट वाटतो पण मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो:

```
VO2max = 31.025 + 3.238*S - 3.248*A + 0.1536*S*A
```

यात S म्हणजे शेवटच्या पूर्ण केलेल्या लेव्हलचा वेग ताशी किलोमीटरमध्ये, आणि A म्हणजे पूर्ण झालेली वर्षं. हा ८ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आहे.

समजा आठवीतली ईश्वरी आहे, वय १३ पूर्ण, स्कोअर ५.४. पाचवी लेव्हल तिची अर्धवट राहिली, पूर्ण झालेली चौथी, म्हणून S आला १०. आता ३.२३८ गुणिले १० म्हणजे ३२.३८, त्यात ३१.०२५ मिळवले की ६३.४. त्यातून ३.२४८ गुणिले १३, म्हणजे ४२.२ वजा, राहिले २१.२. आणि शेवटी ०.१५३६ गुणिले १० गुणिले १३, म्हणजे जवळपास २० मिळवले. उत्तर ४१.१. म्हणजे ईश्वरीचा अंदाजे व्हीओटू मॅक्स ४१.

आता खरी गंमत बघा. हाच ५.४ स्कोअर पाचवीतल्या १० वर्षांच्या मुलीने काढला तर याच फॉर्म्युल्याने तिचा आकडा येतो ४६.३. आणि अकरावीतल्या १६ वर्षांच्या मुलीने काढला तर येतो ३६. लॅप तेवढेच, अंतर तेवढंच, आणि आकड्यात दहाचा फरक. कारण असं की लहान मुलांचं पळणं कमी काटकसरीचं असतं, पाय आखूड, पावलं जास्त, त्यामुळे त्याच वेगाला दर किलोमागे त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे दहा वर्षांचं पोर जर ताशी १० च्या वेगाला टिकत असेल तर त्याचं इंजिन तुलनेने मोठं आहे. म्हणून पाचवीतल्या धाकट्या भावाने ५.४ काढलं आणि दहावीतल्या ताईनेपण ५.४ काढलं तर घरी "दोघं सारखेच" म्हणू नका, ते सारखे नाहीत.

यातनंच पालकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट निघते. ईश्वरी पुढच्या वर्षी १४ ची होईल. तेव्हा तिने परत ५.४ काढलं तर कार्डावर काहीच बदललेलं दिसणार नाही, आपण म्हणू टिकून आहे. पण फॉर्म्युल्यात आकडा ४१.१ वरून ३९.४ वर येतो. म्हणजे जागेवर राहणं हे प्रत्यक्षात थोडं खाली येणं आहे, आणि ४१ टिकवायला तिला वर्षाला अर्ध्या लेव्हलपेक्षा थोडं जास्तच वर जावं लागेल. मी स्वतः कार्ड बघताना सगळ्यात आधी हेच बघतो, यावर्षीचा आकडा किती यापेक्षा गेल्या वर्षीपासून रेघ कुठे चाललीये.

मग ४१ हे चांगलं की वाईट? यासाठी अमेरिकेतल्या डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटच्या फिटनेसग्रामच्या रेषा बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यांच्याकडे पास-नापास नाही, "हेल्दी फिटनेस झोन" आहे, म्हणजे याच्या वर असलं की आरोग्याच्या दृष्टीने ठीक. १३ वर्षांच्या मुलीसाठी ती रेषा ३९.७ आणि त्याच वयाच्या मुलासाठी ४१.१. म्हणजे ईश्वरी झोनमध्ये आहे, आणि तिच्या वर्गातला मुलगा त्याच ५.४ वर अगदी रेषेवर उभा आहे. वय वाढतं तशी मुलांची रेषा वर जाते, १६ ला ४४.१, आणि मुलींची हळूहळू खाली येते, १६ ला ३८.९. यात मुलींना सवलत दिलीये असं काही नाही. वयात येताना मुलांच्या अंगात स्नायू आणि रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं, मुलींच्या शरीरात चरबीचं प्रमाण नैसर्गिकपणे वाढतं, आणि आकडा दर किलोमागे काढलेला असल्यामुळे तो त्याप्रमाणे हलतो. म्हणून नोटीस बोर्डावर मुलं-मुली एकत्र करून एक ते चाळीस नंबर लावणं मला मान्यच नाही, त्यातनं कुणालाच स्वतःबद्दल काही कळत नाही. आणि या रेषासुद्धा काही दगडावरच्या नाहीत. २०१६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून हृदयविकाराच्या धोक्याच्या दृष्टीने ज्या रेषा मांडल्या गेल्या त्यात मुलांसाठी ४१.८ आणि मुलींसाठी ३४.६ आले. मुलांचं जवळपास तेच, पण मुलींची रेषा पाच पॉइंटने खाली. म्हणजे ३७ वाली मुलगी एका तक्त्यात बाहेर आणि दुसऱ्यात आरामात आत.

आता मला ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते, या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा. लेजे यांच्या १९८८ च्या पेपरमध्येच मुलांसाठीच्या या अंदाजाची चूक साधारण ५.९ दिलीये. म्हणजे ईश्वरीचा आकडा ४१ आला तर लॅबमध्ये तो ३५ पण निघू शकतो आणि ४७ पण. तिच्या वयाला एका लेव्हलचा फरक म्हणजे २.६, तर ही चूक दोन लेव्हलपेक्षा जास्त झाली. शिवाय फॉर्म्युला फक्त पूर्ण झालेली लेव्हल मोजतो, म्हणून ५.१ वाली, ५.४ वाली आणि ५.८ वाली तिघींचा आकडा ४१.१ च, आणि ५.८ वालीने अजून फक्त सात सेकंद काढून एक लॅप केला असता तर एकदम ४३.८ झाला असता. हे टाळायला लॅपची संख्या धरून काढायचेही फॉर्म्युले आहेत, त्यातल्या एकात ईश्वरीचे ३६ लॅप टाकले तर ४३-४४ च्या आसपास येतं. तीच मुलगी, तेच पळणं, फक्त फॉर्म्युला बदलला. त्यामुळे "माझ्या मुलाचा ४१.१ आणि शेजारच्याचा ४२.३" असली तुलना कृपा करून करू नका, त्या एका-दीड पॉइंटला काही अर्थच नाही.

ही चूक कमी करणं बरंचसं टेस्ट घेणाऱ्याच्या हातात असतं आणि तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. पहिला घोळ अंतराचा. टेप न लावता पावलं टाकून २० मीटर मोजलं आणि ते प्रत्यक्षात १९ भरलं तर काय होतं बघा. एक मीटर म्हणजे पाच टक्के. ट्रॅक म्हणतोय ताशी साडेदहा, पण मूल प्रत्यक्षात पळतंय जेमतेम दहाने. म्हणजे पाचव्या लेव्हलला मूल चौथ्या लेव्हलचं काम करतंय, आणि अख्ख्या वर्गाला एकेक लेव्हल फुकट मिळाली. पुढच्या वर्षी कुणी नीट टेप लावून रेषा आखल्या की अख्ख्या वर्गाचा स्टॅमिना घसरला असं दिसणार आणि मोबाईलच्या नावाने भाषणं होणार. गावठाणातल्या बऱ्याच शाळांची ग्राउंडं एवढीशी असतात की वळायची जागा धरून २० मीटर बसतच नाही, मग तिथे १५ मीटरवर टेस्ट घेतात. तेही चालतं, त्यासाठी वेगळा ट्रॅक आहे, पण १५ मीटरचे लॅप आणि २० मीटरचे लॅप शेजारी ठेवून तुलना करायची नाही, आणि २० मीटरचा ट्रॅक लावून मुलांना १५ मीटरवर तर पळवायचंच नाही.

दुसरा घोळ ट्रॅकचा. यूट्यूबवर बीप टेस्टचे ढीगभर ट्रॅक आहेत आणि ते एकसारखे नाहीत. एकात सुरुवात ताशी ८ ने होऊन लगेच ९ वर उडी, एकात सुरुवातच साडेआठने, आणि एकात ८ ने सुरुवात होऊन दर लेव्हलला फक्त अर्धा. पहिल्या दोघांत दुसऱ्या लेव्हलपासून पुढे वेग सारखाच असतो, पण तिसऱ्या प्रकारात पाचवी लेव्हल म्हणजे ताशी १०, पहिल्या दोघांतल्या चौथीएवढी. म्हणून लेव्हल कितीची याआधी ट्रॅक कुठला हे विचारा. ओळखायचं कसं, तर घड्याळ लावून चौथ्या लेव्हलचा एक लॅप मोजा, ७.२ सेकंद आला तर वर सांगितलेली गणितं लागू, ७.६ च्या आसपास आला तर तो तिसरा ट्रॅक. क्रिकेट अकॅडमीत जाणारी मुलं येऊन सांगतात की तिथे आमचा १४ आला आणि शाळेत ७ च का. तर ती यो-यो टेस्ट असते. त्यात दर ४० मीटरनंतर दहा सेकंद विश्रांती मिळते, सुरुवातच ताशी १० ने होते आणि लेव्हलचे आकडेही वेगळ्या पद्धतीने लावलेत. टीव्हीवर खेळाडूंचे जे १६-१७ चे आकडे ऐकतो ते यो-योचे, बीप टेस्टचे नाहीत.

तिसरा घोळ बाद कधी करायचं याचा. कुठे दोनदा बीप चुकला की बाद, मग ते लागोपाठ असो नसो, आणि कुठे लागोपाठ दोन चुकले तरच बाद. दुसऱ्या नियमात एक चुकवून पुढचा गाठला की मूल वाचतं आणि आरामात तीन-चार लॅप जास्त निघतात. दोन्ही नियम चालतात पण दर वर्षी एकच पाहिजे.

आणि चौथी गोष्ट, जी कुठल्या टेपने मोजता येत नाही, ती म्हणजे मूल खरंच संपेपर्यंत पळालं का. सातवी-आठवीत मी हे दर वर्षी बघतो, विशेषतः मुलींमध्ये, एक मैत्रीण थांबली की बाकीच्या तिघी पुढच्या दोन लॅपमध्ये एकत्र थांबतात. त्यांचे स्कोअर ३.५, ३.६, ३.६, ३.७ असे ओळीने येतात. हे त्यांच्या हृदयाचे आकडे नाहीत, मैत्रीचे आहेत. मुलांमध्ये उलटं, पहिल्या मिनिटात सगळे शर्यत असल्यासारखे सुसाट सुटतात, रेषेवर दोन सेकंद आधी पोचून बीपची वाट बघतात, आणि तिसऱ्या लेव्हललाच धाप लागते. म्हणून मी थांबलेल्या मुलाला लगेच एक प्रश्न विचारतो, काल संध्याकाळी काय खेळलास असं काहीतरी. पूर्ण वाक्यात, न अडखळता उत्तर आलं तर तो संपलेला नव्हता. दोन शब्दांवर श्वास घ्यायला लागला, चेहरा लाल, हात गुडघ्यावर, तर खरं. शंका असली की मनगटावर दहा सेकंद नाडी मोजतो, तीस-बत्तीस ठोके आले तर पोराने जोर लावलेला असतो आणि पंचवीसच आले तर अजून बरंच बाकी होतं. अशा स्कोअरपुढे कार्डावर "पूर्ण प्रयत्न नाही" असं मी लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी त्यावरून चुकीचा अर्थ काढणार नाही.

वजनाचा मुद्दा पालकांना नीट कळावा असं मला मनापासून वाटतं, कारण यावरून पोरांना फार बोललं जातं. आकडा दर किलोमागे असतो. समजा दोन मुलं आहेत, दोघांचं शरीर मिनिटाला २ लिटर, म्हणजे २००० मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं, हृदय-फुप्फुसांची ताकद अगदी सारखी. एकाचं वजन ४५ किलो, त्याचा आकडा ४४. दुसऱ्याचं ५५, त्याचा ३६. दुसऱ्याचं हृदय कमजोर नाहीये, त्याला तेवढ्याच इंजिनावर दहा किलो जास्त ओढायचंय, आणि प्रत्येक वळणावर ते दहा किलो थांबवून परत पळवायचंय. त्याला "तुझ्यात दमच नाही" म्हणणं हे माहितीच्या दृष्टीनेच चुकीचं आहे. अशा मुलाला मी जागच्या जागी सायकल किंवा पोहणं सुचवतो, तिथे वजन ओढावं लागत नाही आणि त्याची खरी ताकद त्यालाच दिसते.

नाशिकचं हवामानपण यात येतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर ग्राउंडवर रेषेपाशी चिखल होतो आणि वळताना पाय सरकतो, डिसेंबरात सकाळी साडेसातला गारठ्यात मुलं आखडलेली असतात, मार्च संपत आला की दहानंतर ऊन सहन होत नाही. उन्हात शरीराला थंड ठेवायला रक्त कातडीकडे जास्त जातं, मग स्नायूंना कमी मिळतं, नाडी आधीच वाढलेली असते आणि मूल एखादी लेव्हल आधी थांबतं. म्हणून माझ्या मते टेस्टचे महिने दोनच, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी, वेळ सकाळची पण ऊन थोडं आल्यावर, नाश्ता होऊन दीड-दोन तास झालेले, आणि पायात पीटीचे कॅनव्हास बूट, युनिफॉर्मचे काळे लेदरचे नकोत, ते वळताना घसरतात. ताप-खोकल्यातून नुकतं उठलेल्या मुलाची टेस्ट पुढे ढकलायची. दमा असलेल्याने पंप सोबत ठेवायचा आणि डॉक्टरांना विचारूनच पळायचं. आणि पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलं, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयाने मृत्यू झालेला असेल तर ते आधी सरांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा. अशा मुलाची परत टेस्ट घेऊन बघू असं कधीच करायचं नाही.

काही पालकांना यातून खेळाडू शोधायचा असतो. इथे सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १० हजार मीटरला ब्राँझ आणलं, त्यामुळे लेव्हल ९ आली की "सर, लांब पल्ल्याला घालू का" हा प्रश्न येतोच. घाला की, जरूर घाला, पण ही टेस्ट पाच-दहा मिनिटांची आहे. त्या अंतरात अर्धा तास एका वेगाने पळताना पाऊल किती काटकसरीने पडतं, छताच्या किती जवळ राहून मूल टिकू शकतं, हे यात दिसत नाही, ते ट्रॅकवर सहा महिने पळवल्यावरच कोचला दिसतं. उलट लेव्हल ४ वाला कबड्डीत किंवा गोळाफेकीत एकदम सरस असू शकतो.

आता परत ईश्वरीकडे. समजा तिने नोव्हेंबरात ५.४ काढलं, मग आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी मैत्रिणींबरोबर पळापळीचे खेळ खेळली, दोरीच्या उड्या मारल्या, आणि फेब्रुवारीत परत टेस्ट झाली तेव्हा ६.२ आलं. मधल्या काळात तिला १४ पूर्ण झाली. पूर्ण झालेली लेव्हल आता पाचवी, वेग साडेदहा, वय १४, फॉर्म्युल्याने आकडा ४२.१. म्हणजे ४१.१ वरून ४२.१, फक्त एक पॉइंट, जो त्या ५.९ च्या चुकीत कुठेच हरवून जातो. यावरून तिचा व्हीओटू मॅक्स वाढला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण लॅप बघा, ३६ वरून ४३. टेप तीच, ट्रॅक तोच, बाद करायचा नियम तोच, ग्राउंड कोरडं, आणि दोन्ही वेळा थांबल्यावर ती दोन शब्दांवर श्वास घेत होती. सात लॅप जास्त म्हणजे ताशी साडेदहा-अकराच्या वेगाने १४० मीटर जास्त. त्यातलं काही हृदयाचं असेल, काही वळण नीट घ्यायला शिकल्याचं आणि पहिल्या मिनिटात दम राखून ठेवल्याचं. हे दोन वेगळे करता येत नाहीत, आणि तिच्या आईला मी तसंच सांगेन.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे की कार्डावर नुसतं ५.४ असेल तर शाळेत जाऊन पाच गोष्टी विचारून त्याच्या शेजारी पेनाने लिहून घ्या. टेस्टच्या दिवशी वय किती पूर्ण, एकूण लॅप किती, अंतर १५ मीटर की २०, ट्रॅक कुठला, आणि बाद करायचा नियम कुठला. सरांना हे विचारलेलं आवडतं, निदान मला तरी फार आवडतं.